वजाबाकी कोणी केलीच नाही



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मागच्या आठवड्यात एका लग्नात आमच्या लांबच्या नात्यातली एक सून भेटली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला टाइप वन डायबेटिस आहे, रोज चार वेळा इन्सुलिन टोचावं लागतं. पोरगा पंगतीत बसून जेवला आणि पाऊण तासात घामाघूम होऊन आईच्या मांडीवर आडवा झाला. शुगर ५४! आणि त्या माउलीभोवती जमलेल्या बायकांतून एकच सूर आला, "नीट जेवला नसेल. लक्ष द्यायला नको का आईने?"

ती बिचारी मान खाली घालून साखरपाणी ढवळत होती. मला राहवलं नाही. मी जरा चढ्या आवाजातच बोलले, आणि घरी आल्यावर ठरवलं की हे नीट लिहून काढायचंच. कारण मंडळी, त्या बायकांना बोलायचा मला काय अधिकार? तेच वाक्य मी स्वतः माझ्या नातीला दीड वर्ष ऐकवलं आहे. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईने!

आमच्या नातीला आपण इथे चिऊ म्हणू. आमचं घर नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला नगरच सापडतं). २०१९ च्या गणपतीनंतर, ती सात वर्षांची असताना तिला टाइप वनचं निदान झालं. सारखी तहान, सारखी लघवी, महिन्याभरात वजन उतरलेलं आणि शेवटी धाप. आठ दिवस दवाखान्यात काढले आणि इन्सुलिन, ग्लुकोमीटर, सुया असा सगळा संसार घेऊन घरी आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा म्हाताऱ्यांचा डायबेटिस नव्हे. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून स्वतःच्या स्वादुपिंडावर उलटते आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. साखर जास्त खाल्ल्यामुळे हा होत नाही.

पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. सूनबाई हिशोबाला पक्की. वहीत वेळ, शुगर, खाणं, युनिट सगळं मांडलेलं. २०२२ च्या सुरुवातीपासून मात्र काहीतरी बिघडलं. चिऊ सकाळी दोन पोळ्या आणि भाजी खायची, नेहमीचे पाच युनिट घ्यायची आणि तासाभरात शुगर ५८. शाळेत बाकावर डोकं टेकून बसायची. आणि गंमत म्हणजे त्याच सकाळची अकरा वाजताची शुगर २६०! आधी तळ, मग शिखर. आम्ही काय निष्कर्ष काढला? पोरगी पोळी कुत्र्याला घालते आणि नंतर चोरून गोड खाते. मी तिच्या दप्तरात चॉकलेटचे कागद शोधले आहेत, मंडळी. नाही सापडले, तरी मी म्हणालेच, "खरं सांग, खाल्लंस ना नीट?" ती रडायची. मला ते नाटक वाटायचं.

डॉक्टरांकडे गेलं की ते वही बघून इन्सुलिन एक-दोन युनिटांनी कमी करायचे. असं करत करत दिवसाचे २४ युनिट होते ते २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत १७ वर आले. वजन २७ किलोच्या आसपास अडकलेलं. आम्ही खूश! इन्सुलिन कमी लागतंय, म्हणजे आजार उतरतोय. एका नातेवाइकाने तर कारल्याच्या रसाला त्याचं श्रेय देऊन टाकलं. हिमोग्लोबिन मात्र ८.९, आणि सहा महिने लोहाचं औषध पिऊनही ते तसूभर हललेलं नव्हतं.

आता माझा सगळ्यात मोठा गुन्हा सांगते. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मी दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या दिवशी, नातवंडांची उंची पेन्सिलीने आखते. पुढे तारीख आणि आकडा लिहिते. चिऊच्या रेघा अशा होत्या : २०१९ ला ११८ सेंटिमीटर, २०२० ला १२४, २०२१ ला १२९, २०२२ ला १३२ आणि २०२३ ला साडेतेहतीस, म्हणजे १३३.५. आता तुम्हीच करा वजाबाकी. सहा, पाच, तीन आणि दीड. तिसरीच्या मुलाला येईल अशी वजाबाकी! हे सगळं माझ्याच हातचं, माझ्याच अक्षरात लिहिलेलं, आणि रोज त्या दारातून मी पन्नास वेळा आत-बाहेर करत होते. कधी कोणी विषय काढलाच तर आम्ही म्हणायचो, "आमच्याकडे बायका ठेंगण्याच. आजीवर गेली आहे."

पाच वर्षांनंतर आणि वयात येण्यापूर्वी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारपेक्षा कमी वाढलं तर थांबून विचार करायचा. अकराव्या वर्षी साडेतेहतीस हा आकडा एकटा बघितला तर तो काही वाईट नाही. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेसाठी २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते नव्याने तयार केले. त्या तक्त्यावर चिऊ तेव्हाही नॉर्मलच्या पट्ट्यातच होती. म्हणूनच तर कोणाला काही वाटलं नाही. पण सातव्या वर्षी ती मधल्या रेषेवर होती आणि अकराव्या वर्षी बरीच खाली घसरली होती. ठेंगण्या घराण्यातलं मूल आपल्या खालच्या रेषेला धरून वाढतं. ते रेष सोडून खाली घसरत नाही. ‘घराण्यावर गेली’ हे उत्तर उंचीला लागू पडेल, घसरणीला नाही.

पुढे काय झालं ते सांगते. शेवटी पुण्याला मुलांच्या हार्मोनच्या आजारांचे एक तज्ज्ञ डॉक्टर गाठले. त्यांनी वहीतल्या शुगर वरवर चाळल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "मागच्या चार वर्षांच्या उंच्या आहेत का?" सुनेने मोबाइलमध्ये चौकटीचा फोटो होता तो दाखवला (तो खरं तर मांजराचा फोटो होता, मागे चौकट आली होती!). डॉक्टरांनी एका मिनिटात ठिपके मांडले आणि म्हणाले ते वाक्य माझ्या मनात कोरलं गेलं आहे. ते म्हणाले, "मूल वाढत नाही आणि शुगर सतत जास्त आहे, तर इन्सुलिन कमी पडतंय, हे सरळ आहे. पण मूल वाढत नाही, वयात यायच्या उंबरठ्यावर आहे आणि तरी इन्सुलिन कमी कमी लागतंय, शुगर लो होतेय, या गोष्टी एकमेकींत बसत नाहीत. दुसरं काहीतरी आहे."

हा फरक नीट समजून घ्या, कारण सगळं इथेच आहे. टाइप वनच्या मुलांची वाढ खुंटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे इन्सुलिन पुरेसं न मिळणं हेच. फ्रान्समधल्या मोरियाक नावाच्या डॉक्टरांनी १९३० मध्ये अशी खुरटलेली मुलं नोंदवली होती, आणि आपल्याकडे अजूनही दिसतात. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर चढलेली असते. लो होण्याचीही साधी कारणं असतात. एकाच जागी टोचून टोचून कातडीखाली गाठ झालेली असते आणि तिथून इन्सुलिन कधी उतरतं, कधी नाही. खेळ जास्त झालेला असतो. मोजणी चुकलेली असते. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उरल्यासुरल्या पेशी जाग्या होतात आणि इन्सुलिन तात्पुरतं कमी लागतं, तेही ठाऊक असावं. हे सगळं आधी तपासायचंच. डॉक्टरांनी चिऊचं पोट आणि मांड्या चाचपून बघितल्या, सुनेकडून मोजणी करून घेतली. सगळं ठीक होतं. निदानाला चार वर्षं होत आली होती. मग त्यांनी एकाच सुईत रक्त घेऊन दोन आजारांच्या तपासण्या लिहिल्या : थायरॉइड आणि सिलियाक. आम्हाला तेव्हा साधारण तीन हजार रुपये लागले.

हेच दोन का? कारण जी यंत्रणा स्वादुपिंडावर उलटली, ती तिथेच थांबेल असं नसतं. तिचं पुढचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी. टाइप वनच्या मुलांत निदानाच्या वेळीच साधारण चारात एकाच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडतात. त्यातल्या सगळ्यांना आजार होतोच असं नाही, पण लक्ष ठेवावं लागतं. ग्रंथी मंदावली की भूक कमी होते, यकृतातून साखर कमी सुटते, टोचलेलं इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. म्हणजे डोस तोच, पण शुगर लो. आणि उंची थांबते, पोर सुस्त होतं, कातडी कोरडी पडते.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे लहान आतडं. सिलियाकमध्ये गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने शरीर चवताळतं आणि आतड्याच्या आतल्या मखमलीसारख्या केसाळ अस्तराचाच नाश करतं. ते अस्तर म्हणजे अन्न शोषून घेण्याची जागा. ती सपाट झाली की खाल्लेलं अन्न उशिरा आणि अर्धवट शोषलं जातं. इन्सुलिन मात्र आपल्या घड्याळाप्रमाणे कामाला लागतं. अन्न रक्तात पोचण्याआधी इन्सुलिन पोचतं, म्हणून तासाभराने ५८. आणि अन्न मागून रेंगाळत येतं तेव्हा इन्सुलिनचा जोर ओसरलेला असतो, म्हणून अकरा वाजता २६०! चिऊने पोळी कुत्र्याला घातली नव्हती. तिने दोन्ही पोळ्या खाल्ल्या होत्या. तिच्या आतड्याला त्या घेता येत नव्हत्या. लोहाचं औषधही त्याच कारणाने वाया जात होतं.

आणि आता ऐका. पोरीची शुगर लो झाली की आम्ही तिला काय देत होतो? ग्लुकोजची बिस्किटं. म्हणजे गहूच! ज्या विस्तवाने घर पेटलं, त्याच्यावरच आम्ही रोज दोन-दोन काड्या टाकत होतो. (आता आम्ही दोन चमचे साखर पाण्यातून देतो, किंवा ग्लुकोजची पावडर. लो झाल्यावर तेच जास्त लवकर काम करतं, सिलियाक असो वा नसो.)

तपासणीत थायरॉइडची प्रतिद्रव्यं सापडली, पण टीएसएच नॉर्मल आला. म्हणजे गोळी नको, पण दरवर्षी नजर हवी. सिलियाकची टीटीजी नावाची तपासणी मात्र मर्यादेच्या आठ पट! हे कळल्या दिवशी मी उत्साहाने म्हणाले की आजपासून घरात गहू बंद. डॉक्टरांनी मला तिथेच थांबवलं. पक्कं निदान व्हायच्या आत गहू बंद केला तर अस्तर भरून यायला लागतं, रक्तातले आकडे उतरतात आणि मग आजार होता की नव्हता हे कोणालाच सांगता येत नाही. पुन्हा काही आठवडे गहू खायला घालून तपासावं लागतं. आंतरजालावर आणि व्हॉट्सॅपवर ‘गहू सोडा, बघा कसं वाटतं’ असं सांगणाऱ्या पंडितांनी हे वाक्य दहा वेळा लिहून काढावं. पंधरा दिवसांनी दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि निदान पक्कं झालं. (आकडा दहा पटीच्या वर असेल आणि दुसऱ्या नमुन्यातली आणखी एक तपासणीही बोलत असेल, तर काही ठिकाणी तुकडा काढल्याशिवायही निदान करतात.)

मग माझा खरा प्रश्न. हे आधी का कळलं नाही? २०१९ मध्ये निदानाच्या वेळी चिऊची सिलियाकची तपासणी झाली होती! फाइलीत कागद आहे. तेव्हा ती निगेटिव्ह होती. आणि आम्हाला कोणीही सांगितलं नाही की ही तपासणी एकदा करून संपत नाही. ज्या दवाखान्यात आम्ही तेव्हा जात होतो त्याचं नाव मी लिहिणार नाही, कारण दोष एका दवाखान्याचा नाही, सवयीचा आहे. मुलांच्या डायबेटिसवर काम करणाऱ्या इस्पॅड या आंतरराष्ट्रीय संस्थेने आणि अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने स्पष्ट लिहून ठेवलं आहे. सिलियाकची तपासणी निदानाच्या वेळी, मग दोन वर्षांनी, मग पाच वर्षांनी, आणि लक्षणं दिसली तर मध्येही. थायरॉइडची निदानानंतर तब्येत सावरल्यावर आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी. (आजाराच्या भरात टीएसएच फसवा येऊ शकतो, म्हणून सावरल्यावर.) चिऊची दुसरी तपासणी २०२१ मध्ये व्हायला हवी होती. तेव्हा करोना होता, आम्ही फोनवर शुगर सांगून डोस विचारत होतो. तारीख हुकली. पण तारीख आहे हे माहीत असतं तर २०२२ मध्ये तरी आठवली असती. दर वेळी शुगरची चर्चा, शुगरची वही, शुगरचा आकडा. मूल म्हणजे काय एक ग्लुकोमीटर आहे का?

आणखी एक बारकावा. टीटीजीबरोबर रक्तातलं एकूण आयजीए मोजायला हवं. ही तपासणी आयजीए जातीची प्रतिद्रव्यं शोधते. काही मुलांत ती जातच मुळी जवळपास नसते, आणि टाइप वनच्या मुलांत हे जास्त आढळतं. मग अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि आजार आत मजेत बसलेला असतो. अशांसाठी वेगळी, आयजीजीवर आधारलेली तपासणी असते. तेव्हा नुसता ‘निगेटिव्ह’ शब्द बघून फाइल मिटू नका, एकूण आयजीए किती होतं ते विचारा.

मी हे बोलायला लागले की तीन आक्षेप येतात. तिन्हींचा समाचार घेते.

पहिला, "हा पंजाबातला आजार. आपण ज्वारी-बाजरी खाणारे." हा युक्तिवाद मला माझ्या आईच्या काळात पटला असता. माझ्या लहानपणी आमच्याकडे पोळी सणाला किंवा पाहुणा आला तर. आता? कालव्यांचं पाणी आलं, रेशनवर गहू आला, आणि भाकरी थापता येणाऱ्या सुना कमी झाल्या. सकाळी पोळी, मधल्या सुट्टीत बिस्किट, संध्याकाळी खारी-टोस्ट, रविवारी पाव. २०१६ मध्ये आपल्या देशातल्या तीन भागांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तरेत हजारी साधारण बारा जणांच्या रक्तात सिलियाकची प्रतिद्रव्यं सापडली आणि दक्षिणेत हजारी एकाच्या. पण या आजाराची पूर्वतयारी करणारी जनुकं मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणात, साधारण तिघांत एकाकडे! फरक ताटाचा होता. तिकडे माणशी दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या वर गहू, इकडे पंचवीस. म्हणजे आपलं रक्त काही वेगळं नाही, ताट वेगळं होतं, आणि ते आता बदललं आहे. शिवाय टाइप वनची आणि सिलियाकची जनुकं बरीचशी एकच आहेत. टाइप वनच्या मुलाकडे ती बहुधा असतातच. मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी टाइप वनच्या रुग्णांची तपासणी करून २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिथेही हा आजार सापडलाच. मुंबई काही पंजाबात नाही.

दुसरा आक्षेप, "जुलाब नाहीत, पोट दुखत नाही, मग कसला आतड्याचा आजार?" चिऊला एक दिवसही जुलाब झाले नाहीत. टाइप वनच्या मुलांतला सिलियाक बहुतेक वेळा असाच मुका असतो. तो पोटातून बोलत नाही. तो शुगरच्या वहीतून, न वाढणाऱ्या हिमोग्लोबिनमधून आणि दाराच्या चौकटीवरून बोलतो. म्हणूनच तर लक्षणांची वाट न बघता ठरलेल्या तारखांना तपासायचं.

तिसरा आक्षेप थोडा वजनदार आहे आणि मी तो मान्य करते. "आधीच एक पथ्य, त्यात आयुष्यभराचं दुसरं पथ्य त्या पोराच्या गळ्यात बांधायचं?" खरं आहे. म्हणूनच घाईने निदान करू नये. आकडा थोडासाच चढलेला असेल आणि मूल छान वाढत असेल, तर काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. टाइप वनच्या काही मुलांत, विशेषतः नुकतं निदान झालेलं असताना, तो आपोआप उतरतो. पण निदान पक्कं झालं तर पथ्य पक्कं. ‘रविवारी थोडं चालेल’ असं यात नसतं.

आमचा अनुभव सांगते. आमच्या घरात ज्वारी-बाजरी परत आली. तांदूळ, नाचणी, वरई, राजगिरा, साबुदाणा सगळं चालतं. गहू, रवा, मैदा, शेवया आणि सातू बंद. वाटलं, आपण नगरची माणसं, आपल्याला काय अवघड! तरी पहिल्या सहा महिन्यांत आकडा हवा तसा उतरेना. कारण सापडलं ते गिरणीत. आमच्या आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की त्याच जात्यात आमची ज्वारी. डब्याच्या तळाशी ज्वारीच्या पिठात गव्हाचं पीठ मिसळलेलं! मग घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच नाही. परात, लाटणं वेगळं. आणि हिंग! बाजारातल्या बांधानी हिंगात बरेचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. प्रसादाचा शिरा, वाढदिवसाचा केक यांना नाही म्हणायला चिऊच आता आमच्यापेक्षा पटाईत झाली आहे.

लो होणं तीन-चार महिन्यांत खूप कमी झालं. इन्सुलिन १७ वरून वर्षभरात २६ युनिटांवर गेलं. ते वाढलं तेव्हा सूनबाई घाबरली. मी म्हटलं, अगं, हीच तर चांगली बातमी! अन्न आत जायला लागलं. जून २०२४ ची रेघ १४०.५ आणि जून २०२५ ची १४७. करा वजाबाकी. सात आणि साडेसहा.

एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. विनाकारण लो होणं, इन्सुलिन कमी लागणं याबरोबर वजन उतरत असेल, फार थकवा, उलट्या, मीठ खावंसं वाटणं आणि हिरड्या किंवा हाताच्या रेषा काळवंडणं असं दिसलं, तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा ॲडिसन नावाचा आजार असू शकतो. दुर्मिळ आहे, पण जिवावरचा आहे. तो असताना नुसती थायरॉइडची गोळी सुरू केली तर मूल कोसळू शकतं. तेव्हा अशी चिन्हं दिसली तर लगेच तज्ज्ञाकडे. स्वतःच्या मनाने काही करू नका. मी मराठी शिकवणारी बाई आहे, डॉक्टर नाही.

शेवटी माझ्या शिक्षक बांधवांसाठी दोन शब्द. शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणीचं पथक येतं. आपण मुलांना ओळीत उभं करतो, उंची-वजन घेतलं जातं, कार्डावर आकडा पडतो आणि कार्ड कपाटात जातं. मीही तेच केलं, वर्षानुवर्षं. मागच्या वर्षीच्या आकड्यातून या वर्षीचा वजा करून कधी बघितला नाही. वर्गात एखादं इन्सुलिन घेणारं मूल असेल तर एवढं करा. आणि आई-वडिलांनो, फाइलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात थायरॉइड आणि सिलियाकच्या पुढच्या तारखा लिहा. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा, ते रागावले तर रागावू द्या.

त्या लग्नातल्या सुनेला मी काय सांगितलं? मुलाच्या शाळेच्या कार्डावरच्या तीन वर्षांच्या उंच्या काढून मला कळव म्हटलं. काल तिचा फोन आला. तीन वर्षांत मिळून सात सेंटिमीटर. पुढच्या सोमवारी ती रक्त द्यायला घेऊन जाते आहे. काय निघेल ते मला ठाऊक नाही. निघेल ते निघो, पण "खाल्लं नसेल नीट" हे वाक्य त्या घरातून गेलं.

चिऊची मी माफी मागितली आहे. ती म्हणाली, "जाऊ दे गं आजी, पण तू दप्तर तपासलंस ना, ते मला आवडलं नव्हतं."

असो. कोणाच्या घरी असं मूल असेल तर खाली जरूर लिहा, अनुभव सांगा.